वुजूच्या परिच्छेदाचे गाणे कसे होते?

चार ते सहा वर्षांच्या मुलाला वुजू शिकवायचा असेल, तर घरात बहुधा दोनच साधने असतात. एक म्हणजे स्वतः करून दाखवणे आणि दुसरे म्हणजे दीनियातच्या पुस्तकातला परिच्छेद. करून दाखवलेले मूल बघते, पण नळाखाली एकटे उभे राहिले की चेहऱ्यानंतर थेट पायावर जाते. परिच्छेद त्याच्या कामाचा नसतो, कारण त्याला अजून वाचता येत नाही आणि ऐकलेली लांब वाक्ये त्याच्या डोक्यात टिकत नाहीत. मग त्याच परिच्छेदाचे यमक जुळणारे छोटे गाणे केले तर? हे काम वाटते तितके अवघड नाही. मात्र त्यात काही ठिकाणी पाय घसरतो. म्हणून एकच परिच्छेद घेऊन तो गाण्यापर्यंत कसा जातो, हे पायरीपायरीने पाहू.

आपल्याकडे ही युक्ती जुनी आहे. अमीर खुसरो यांच्या नावावर सांगितली जाणारी ‘खालिक बारी’ ही फारसी-हिंदवी शब्दांची पद्यातली यादीच आहे आणि मकतबांतून मुले ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आली. मिर्झा गालिब यांनीही घरातल्या मुलांसाठी ‘कादिरनामा’ याच धर्तीवर रचला. कोरडी माहिती यमकात बसवली की ती मुलाच्या जिभेवर राहते, हे या मोठ्या माणसांना ठाऊक होते.

आता आपला परिच्छेद पाहा. पाठ्यपुस्तकी भाषेत तो साधारण असा असतो :

“वुजू करताना बिस्मिल्लाह म्हणून दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवावेत. नंतर तीनदा चूळ भरावी, तीनदा नाकात पाणी घेऊन नाक साफ करावे व तीनदा संपूर्ण चेहरा धुवावा. त्यानंतर आधी उजवा व मग डावा हात कोपरासह तीनदा धुवावा. ओल्या हाताने डोक्याचा व कानांचा मसह करावा. शेवटी आधी उजवा व मग डावा पाय घोट्यासह तीनदा धुवावा. वाहत्या नदीकाठी असलो तरी पाणी वाया घालवू नये.”

काय ठेवायचे, काय सोडायचे

लिहायला बसण्याआधी पेन्सिल घ्यावी आणि ज्या गोष्टी बदलल्या तर वुजूच बदलेल, त्यांच्याखाली रेघ ओढावी. या परिच्छेदात अशा गोष्टी मोजक्याच आहेत. अवयवांचा क्रम, प्रत्येक अवयवाची हद्द म्हणजे मनगट, कोपर व घोटा, उजव्याचा मान आधी, डोके धुवायचे नसून त्याचा मसह करायचा, आणि पाणी जपायचे. ‘नंतर’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ हे शब्द सोडता येतात, कारण गाण्यात ओळीमागून ओळ येते तोच क्रम असतो.

क्रमाबद्दल मात्र काटेकोर राहावे लागते. नाशिकमध्ये बहुतेक घरे हनफी आहेत आणि हनफी मसलकात क्रम सुन्नत मानला जातो. कोकणातली बरीच कुटुंबे शाफई आहेत आणि तिथे क्रम फर्ज आहे. यमक जुळत नाही म्हणून पायाची ओळ डोक्याच्या आधी नेली, तर नाशिकच्या मुलाची सुन्नत चुकेल आणि रत्नागिरीच्या मुलाचा फर्ज. तेव्हा ओळ बदलेल, शब्द बदलेल, पण जागा बदलणार नाही, असे आधीच ठरवून टाकावे.

रेघा ओढताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. परिच्छेदात ‘तीनदा’ हा शब्द सहा वेळा आला आहे. गद्यात हे कंटाळवाणे वाटते, पण गाण्यात हेच सोने आहे. जे पुन्हा पुन्हा येते त्याचे धृपद करावे. मुलाला सगळ्यात आधी धृपद येते. बाकीच्या ओळी मोठ्यांनी म्हटल्या तरी धृपदाला ते स्वतः ओरडते. म्हणून धृपद असे ठेवले : “एक, दोन, तीन, बस!” यातल्या ‘बस’मध्ये शेवटच्या वाक्यातला अर्धा उपदेशही आला, कारण तीन झाले की पाणी थांबते.

आठ अक्षरांची ओळ

लहान मुलांसाठी मराठीत सगळ्यात सोयीची ओळ आठ अक्षरांची. तिला अष्टाक्षरी म्हणतात. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी प्रामुख्याने याच लयीची आहेत. १९५२ साली पुस्तक निघण्याआधी ती तोंडीच होती आणि घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतली. न लिहिता लक्षात राहणाऱ्या ओळीचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

मोजणी सोपी आहे. काना, मात्रा, वेलांटी काहीही असो, एक अक्षर ते एक. जोडाक्षरही एकच. ‘बिस्मिल्लाह म्हणू आधी’ ही ओळ मोजून पाहा : बि, स्मि, ल्ला, ह, म्ह, णू, आ, धी. आठ झाली. बोटांवर मोजल्यानंतर टाळीवर तपासावी. दर दोन अक्षरांना एक टाळी, म्हणजे ओळीला चार टाळ्या. आपण ‘एक’ लिहितो दोन अक्षरांत, पण बोलताना ‘एक्’ असे एकाच झटक्यात बोलतो. म्हणून ‘एक, दोन, तीन, बस’ ही ओळ कागदावर आठ अक्षरांची आहे आणि तोंडात चार ठोक्यांची. प्रत्येक शब्दाला बरोबर एक टाळी पडते. मोजणी आणि टाळी यांत भांडण झाले, तर टाळीचे ऐकावे, कारण मूल गाणे कानाने घेते.

यमक कुठल्या शब्दावर ठेवायचे

इथे बहुतेक जण घसरतात. पहिल्या प्रयत्नात हमखास असे काहीतरी उतरते :

आधी हातांना धुवावे,
मग चूळही भरावे,
नाक स्वच्छ ते करावे,
मग तोंडाला धुवावे.

आठ-आठ अक्षरे आहेत, यमकही आहे. पण म्हणून पाहिले की दोन दोष दिसतात. पहिला भाषेचा. चूळ ‘भरावी’ असते, ‘भरावे’ नव्हे. यमकासाठी व्याकरण मोडले. घरात उर्दू बोलणारे आणि मराठी नव्याने शिकणारे मूल तेच रूप बरोबर समजून पाठ करील. दुसरा दोष अधिक मोठा आहे. सगळ्या ओळी ‘वे’वर संपतात, म्हणून कुठलीही ओळ कुठेही बसते. नाकाची ओळ तोंडाच्या जागी गेली तरी कानाला काही खटकत नाही. म्हणजे यमक आहे, पण ते राखण करीत नाही.

यमकाचे खरे काम राखणीचे. ‘कोपर’ची जोडी ‘वर’शी लावली की ‘वर’ ऐकताच मुलाच्या तोंडी ‘कोपर’ येतो. म्हणून ओळीच्या शेवटी क्रियापद न ठेवता शक्य तिथे तो शब्द ठेवावा, जो मुलाने विसरता कामा नये. आणि प्रत्येक कडव्याचे यमक वेगळे असावे. हाफिज मंडळींना हे वेगळे सांगायला नको. एकमेकींसारख्या आयतींना ते मुतशाबिहात म्हणतात आणि तिथेच एका सूरेतून दुसऱ्या सूरेत जाण्याची धास्ती त्यांना असते. आपल्या गाण्यातही हात दोनदा येतो, एकदा मनगटापर्यंत आणि एकदा कोपरापर्यंत. दोन्ही कडवी ‘हात’वर संपवली, तर मूल पहिल्या हातावरून थेट दुसऱ्यावर उडी मारील आणि चूळ, नाक, चेहरा राहून जाईल. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘हात’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कोपर’ हे यमक घेतले.

या रीतीने बसवलेले गाणे असे झाले :

बिस्मिल्लाह म्हणू आधी,
रीत वुजूची ही साधी.

धुऊ मनगट, हात,
एक, दोन, तीन, बस!
चूळ खेळू दे गालात,
एक, दोन, तीन, बस!

नाक करू या मोकळे,
एक, दोन, तीन, बस!
तोंड धुऊ या सगळे,
एक, दोन, तीन, बस!

बाही चढवू या वर,
धुऊ बोटे ते कोपर,
डावा उजव्यानंतर,
एक, दोन, तीन, बस!

करू मसह डोक्याचा,
ओल्या हातांनी कानांचा,
एकदाच, पुरे, बस!

पाय उजवा नि डावा,
घोटासुद्धा भिजवावा,
एक, दोन, तीन, बस!

जरी बसू गोदाकाठी,
पाणी राखू सर्वांसाठी,
नळ केला बंद? बस!

काही ओळी अशाच का

चुळीच्या ओळीला ‘हात’शी जुळणारा सहज सुचणारा शब्द ‘दात’ होता : ‘चूळ भरू, धुऊ दात’. अक्षरे आठ, यमक चोख. तरी ती ओळ सोडली, कारण दात धुणे आपल्या परिच्छेदात नाही. मिसवाकची सुन्नत वेगळी सांगावी. यमक जुळले म्हणून ती वुजूच्या क्रमात घुसवली, तर मूल तिला चुळीचाच भाग समजेल. यमक फुकट माहिती आणून देते, तेव्हा ती आपल्याला हवी होती का, हे विचारावे.

‘चूळ खेळू दे तोंडात’ हीसुद्धा चांगली ओळ होती. पण मराठीत तोंड म्हणजे मुख आणि तोंड म्हणजे चेहराही. पुढेच ‘तोंड धुऊ या सगळे’ येते, तेव्हा मूल गोंधळते आणि पुन्हा चूळ भरते. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘गालात’ केले. गाल फुगवून चूळ फिरवणे मुलांना आवडते, आणि ‘तोंड’ हा शब्द चेहऱ्यासाठीच उरला.

कोपराची ओळ ‘आधी उजवे कोपर’ अशी होऊ शकत होती. तशी केली तर मूल नेमके कोपरावरच पाणी टाकते आणि मधला हात कोरडा राहतो. ‘बोटे ते कोपर’ म्हणजे ‘नाशिक ते पुणे’सारखे झाले. सुरुवात कळली, शेवट कळला, मधला रस्ता आपोआप आला.

‘मसह’ हा शब्द तसाच ठेवला आहे. त्याऐवजी ‘पुसू डोके’ म्हटले तर काही मुले खरोखर टॉवेल शोधतात, आणि ‘धुऊ डोके’ म्हटले तर डोक्यावर तांब्या ओततात. परका वाटणारा शब्द कधी कधी ठेवावाच लागतो. त्याचा अर्थ हाताने दाखवता येतो. इथे धृपदही बदलते. पाच वेळा ‘एक, दोन, तीन’ म्हणून आलेले मूल ‘एकदाच’ला अडखळते, आणि त्या अडखळण्यातच मसह वेगळा आहे हे त्याच्या लक्षात राहते. शाफई घरांत डोक्याचा मसहही तीनदा करणे सुन्नत मानतात. त्यांनी या जागी नेहमीचेच धृपद म्हणावे. अक्षरे तितकीच आहेत, चाल मोडत नाही.

शेवटच्या कडव्याला थोडी अधिक काळजी लागली. परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्यामागे इब्ने माजा यांच्या संग्रहातली एक रिवायत आहे. हजरत सअद (रजि.) वुजू करीत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथून गेले आणि त्यांनी ही उधळपट्टी कशाला, असे विचारले. वुजूतही उधळपट्टी असते का, या प्रश्नावर उत्तर मिळाले की होय, वाहत्या नदीवर असलात तरी. हा प्रसंग गाण्यात घालताना ‘प्रेषित म्हणाले’ अशी ओळ केली नाही. आठ अक्षरांच्या मापासाठी आपण शब्द कापतो, वाढवतो. असे कापलेले शब्द प्रेषितांच्या (स.) नावावर घालणे योग्य नाही, त्यातही या रिवायतीच्या सनदीबद्दल मुहद्दिसांमध्ये चर्चा आहे. म्हणून तीच गोष्ट ‘आपण असे करू’ या निश्चयाच्या रूपात ठेवली. ही मर्यादा धार्मिक मजकुराच्या प्रत्येक गाण्यात पाळावी. आयत आणि हदीस जशीच्या तशी गद्यात सांगावी, गाणे आपल्या कृतीचे करावे.

नदीचे नाव घरचे घेतले. नाशिकच्या मुलाने गोदावरी पाहिलेली असते, ‘नदी’ या मोघम शब्दापेक्षा ‘गोदाकाठी’ त्याला दिसते. दुसऱ्या गावच्या वाचकांनी ‘बसू जरी नदीकाठी’ म्हणावे. तीही आठच अक्षरे आहेत. आणि राखायचे म्हणजे किती, हेही मुलाला डोळ्यांनी दाखवता येते. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे आणि ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. मुद्द म्हणजे ढोबळ मानाने पाऊण लिटर. लिटरची बाटली पाऊण भरून मुलापुढे ठेवावी. मग नळाखाली बादली ठेवून त्याला नेहमीसारखा वुजू करू द्यावा आणि बादलीत किती साचले ते बाटलीशी ताडून पाहावे. ‘नळ केला बंद?’ ही ओळ त्यानंतर वेगळ्या आवाजात म्हटली जाते.

पाठ झाले की समजले?

गाणे पाठ होणे आणि वुजू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल चालीत ‘कोपर’ म्हणते, पण कोपर कुठे आहे हे त्याला माहीत नसते. ज्या घरात ‘कुहनी’ आणि ‘टखना’ हेच शब्द चालतात, तिथे तर हे हमखास होते. म्हणून पहिल्या दिवशी नळ बंदच ठेवून, त्या त्या अवयवाला हात लावत गाणे म्हणावे. रोज दोनच कडवी घ्यावीत.

तपासण्याच्या दोन रीती उपयोगी पडतात. ओळ म्हणताना शेवटचा शब्द आपण गाळावा : ‘धुऊ बोटे ते...’ मुलाने ‘कोपर’ म्हटले, तर यमक काम करते आहे. वारंवार एकाच जागी मूल अडत असेल, तर दोष मुलाचा नसून ओळीचा असतो. तो शब्द त्याच्या बोलण्यातला नाही किंवा यमक कच्चे आहे. दुसरी रीत म्हणजे मध्येच थांबवून विचारावे, ‘डोक्यानंतर काय?’ सुरुवातीपासून पुटपुटत का होईना, पण मूल पायापर्यंत पोचले पाहिजे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. संडास-बाथरूम एकत्र असेल, तर तेथे अल्लाहचे नाव मोठ्याने घेण्याचे आपण टाळतो. अशा वेळी पहिले कडवे दाराबाहेर म्हणावे आणि ‘धुऊ मनगट’पासून आत सुरू करावे. बेसिन बाहेर असेल तर प्रश्नच नाही.

या गाण्यात काय नाही, तेही ध्यानात ठेवावे. नीयत नाही, नाकात पाणी किती व कसे घ्यायचे ते नाही, वुजू कशाने तुटतो ते नाही. चेहऱ्याची हद्द ‘सगळे’ या एका शब्दावर भागवली आहे. हे सारे कोंबले असते, तर गाणे तीस ओळींच्या पुढे गेले असते आणि मुलाने अर्ध्यात सोडले असते. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची ताकीद द्यावी, असे हदीसमध्ये आहे. तोवर ते वाचायलाही लागते. त्या वयात त्याच्यापुढे मूळ परिच्छेद ठेवावा आणि गाण्यातली प्रत्येक ओळ त्यात कुठे आहे, ते त्यालाच शोधायला लावावे. गाण्यात न सापडलेल्या गोष्टी त्याला तेव्हा गद्यात सापडतील, आणि त्या तिथेच शिकवायच्या आहेत.